आधी ओएमआर काढा, मग आत्मविश्वासाचं बोलू

या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या फलकावर एक जाहिरात लागली. 'नीट'मध्ये कमी गुण पडलेल्या मुलांसाठी प्रेरणा शिबिर, तीन तासांचं, पालकांनी सोबत यायचं. मला राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. परीक्षांच्या मोसमात मी या सदरात तेच तेच बोलते, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. याही वेळी बोलणार आहे, कारण ड्रॉप घेतलेल्या मुलाला टाळ्यांच्या गजरात 'तू करू शकतोस' सांगितलं की तो दोन दिवस खूश असतो आणि तिसऱ्या दिवशी पहिल्याच मॉकला पुन्हा कोसळतो. त्याचा विश्वास कुठे तुटला, हे त्या शिबिरात कुणी बघितलेलंच नसतं.

माहिती थोडक्यात. 2025 मध्ये 'नीट'ला 180 प्रश्न होते, 720 गुण आणि तीन तास. निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे, उरलेले भौतिक आणि रसायन यांत समसमान. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं की 1 वजा, सोडलं तर शून्य. निकालाच्या आधी उत्तरसूची येते, आपल्या ओएमआरची स्कॅन प्रतही वेबसाइटवर मिळते. प्रश्नपुस्तिका मुलं घरी आणतातच. म्हणजे आपण नेमके कुठे पडलो, याचा अख्खा पुरावा घरात असतो. आणि बहुतेक घरांत तो कुणी उघडत नाही.

आमच्याच जिन्यातल्या एका मुलीला 452 गुण पडले. निकालानंतर तिची आई मला म्हणाली, "ताई, ते कागद तिच्या समोर नकोत, पुन्हा रडत बसेल." मी आग्रह धरला. मुलगी आली, पण बसायच्या आधीच तिने कारण सांगून टाकलं, "काकू, शेवटी शेवटी तुक्के मारले ना, म्हणून गेलं सगळं." घरातल्या सगळ्यांनी तेच धरून ठेवलं होतं.

आम्ही पुस्तिका, ओएमआर आणि उत्तरसूची शेजारी शेजारी मांडली. 124 बरोबर, 44 चूक, 12 सोडलेले. मग मी तिला प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर लिहायला लावलं. गोल काळा करताना उत्तराची खात्री होती तिथे 'प', म्हणजे पक्कं. तुक्का होता तिथे 'त'. पुस्तिकेवरची स्वतःची खाडाखोड बघून तिला जवळजवळ सगळं आठवलं. तुक्के निघाले 25. त्यातले 8 बरोबर, 17 चूक. 32 गुण मिळाले, 17 गेले. तुक्क्यांनी तिला बुडवलं नव्हतं, उलट 15 गुण हातात दिले होते. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी सरासरीने पाव गुणाचा फायदाच पडतो, आणि दोन पर्याय विचाराने बाद करता आले तर दीड गुणाचा.

खरा घोटाळा 'प'मध्ये होता. पक्के म्हणून लिहिलेले 143 प्रश्न, त्यातले 116 बरोबर आणि 27 चूक. या 27 मधले 11 वाचण्यात गेले होते. 'अयोग्य विधान निवडा' असं छापलेलं असताना तिने योग्य विधान निवडलं, कुठे सेंटिमीटरचं मीटर करायचं राहिलं. याला मुलं 'सिली मिस्टेक' म्हणतात आणि पुढे जातात. उरलेल्या 16 मध्ये मात्र तिला जे येतं असं वाटत होतं, ते येतच नव्हतं. आणि त्यातले 10 बायोतले होते, तिच्या सर्वांत लाडक्या विषयातले! अर्धसूत्री विभाजनात जनुकांची देवाणघेवाण पॅकिटीन अवस्थेत होते. हिने छातीठोकपणे झायगोटीन लिहिलं होतं. पुस्तकातलं ते पान तिने इतक्यांदा वाचलेलं की दोन्ही नावं सारखीच ओळखीची झाली होती.

इथे मला थांबायलाच हवं, कारण रिपीटर मुलांचा सर्वांत मोठा धोका हाच आहे. दुसऱ्या वर्षी सगळी पानं ओळखीची वाटतात. ओळखीचं वाटणं म्हणजे येणं असं मुलांना वाटतं आणि ती पुन्हा वाचत सुटतात, रंगीत पेनाने तेच शब्द पुन्हा रंगवतात. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हे तपासून दाखवलं. एका गटाने एक उतारा पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्याने थोडा वेळ वाचला आणि नंतर तीनदा पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढलं. आठवड्याने वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के मजकूर आठवला, लिहिणाऱ्यांना 61 टक्के. पण सुरुवातीला विचारलं, तेव्हा आपल्याला छान आठवेल अशी जास्त खात्री होती ती वाचणाऱ्यांनाच! नुसत्या वाचनाने वाढलेला आत्मविश्वास परीक्षेत दगा देतो, तो असा.

म्हणून तिचं वेळापत्रक आम्ही उलटं केलं. 'फिजिक्सला सहा तास, बायो पाठच आहे' असं तिने ठरवलं होतं. आता बायोचं पान वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर लिहून काढायचं. दर रविवारी एक मॉक द्यायची, दुपारी दोन ते पाच, खऱ्या परीक्षेच्या वेळेला. मोबाइलवर नाही, छापील ओएमआरवर, बॉलपेनने. 180 गोलांना प्रत्येकी पाच सेकंद लागले तरी पंधरा मिनिटं तिथेच जातात, आणि तिचे सोडलेले 12 प्रश्न वेळ संपल्यामुळेच राहिले होते. प्रत्येक उत्तरापुढे 'प' किंवा 'त' लिहायचं आणि संध्याकाळी एकच आकडा काढायचा, शंभर पक्क्यांमधले किती बरोबर आले?

मे महिन्यातल्या परीक्षेत तो आकडा 81 होता. आता 89 आहे. मॉकचे गुण मात्र फारसे हललेले नाहीत, आणि त्यावरून घरात कुरकुर सुरू आहे. त्याचं कारण साधं आहे. ती आता कमी उत्तरांना पक्कं म्हणते. पूर्वी बेधडक लिहायची तिथे आता थांबते, शंका आलेला प्रश्न वहीत उतरवते. गुण वाढायच्या आधीची ही पायरी आहे. शंभरात 95 पक्के बरोबर येऊ लागले की परीक्षेच्या दुपारी स्वतःवर विश्वास ठेवायला तिला कुणाच्या भाषणाची गरज पडणार नाही.

याला मर्यादा आहे, तीही सांगते. वर्षभर नीट अभ्यास करूनही ज्याच्या पुस्तिकेत 'प' थोडे आणि 'त' आणि सोडलेलेच जास्त, त्याच्यापुढे अख्खा अभ्यासक्रम नव्याने शिकण्याचं काम आहे. त्याला आणखी एक वर्ष द्यायचं का, हे त्याला समोर बसवून मोकळेपणाने बोला. नातेवाईक काय म्हणतील, यावरून ते ठरवू नका.

ज्यांच्या घरी यंदा रिपीटर आहे, त्यांना माझी एकच विनंती आहे. ओएमआरची प्रत अजून उतरवून घेतली नसेल आणि वेबसाइटवर ती अजून मिळत असेल, तर आजच घ्या. पुस्तिका रद्दीत जाऊ देऊ नका. शिबिराचे पैसे वाचवा, एक सबंध दुपार मुलासोबत बसा, आणि ही दोन अक्षरं त्याला स्वतःच्या हाताने लिहू द्या.