आई-वडिलांना दिलेले भाडे : सवलत मुलाला, जबाबदारी दोघांना

खडकीत एका छताखाली तीन पिढ्या नांदणारी घरे अजून बरीच आहेत. वडिलांनी दारूगोळा कारखान्यात किंवा उच्च स्फोटके कारखान्यात उमेदीची वर्षे घालवली, निवृत्तीच्या पैशांतून घराचा मजला चढवला आणि आता मुलगा हिंजवडीला किंवा खराडीला नोकरीस जातो, असे चित्र तेथे नवे नाही. अशा मुलाच्या वेतनात घरभाडे भत्ता असतो, पण घर वडिलांचे असल्याने भाड्याची पावती नसते. मग मार्च महिना जवळ आला की कार्यालयातून पुराव्यांची मागणी होते आणि वडिलांच्या सहीची पावती तयार केली जाते. ही व्यवस्था कायदेशीर आहे की केवळ कागदी, हा प्रश्न बहुतेक घरांत नोटीस आल्यावरच विचारला जातो.

मूळ प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. आई-वडिलांना भाडे देण्यास प्राप्तिकर कायद्यात कोठेही मनाई नाही. १९६१ च्या कायद्यातील कलम १०(१३अ) दोनच गोष्टी पाहते. करदाता ज्या घरात राहतो ते त्याच्या मालकीचे नसावे आणि त्या घरासाठी त्याने खरोखर भाडे दिलेले असावे. घरमालक नात्याने कोण लागतो, याला महत्त्व नाही. मात्र घरमालक नात्यातला असला की 'खरोखर' या शब्दाची परीक्षा अधिक कठोर होते.

ती परीक्षा कशी होते, हे प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने २०१७ मध्ये दिलेल्या एका निर्णयातून दिसते. एका नोकरदार महिलेने आईला रोख भाडे दिल्याचे सांगून घरभाडे भत्त्यावर सवलत मागितली होती. ना करार होता, ना भाडे बँकेतून गेले होते, ना गृहनिर्माण संस्थेला ती तेथे राहत असल्याचे कळवले होते. खात्याच्या निरीक्षकाने चौकशी केली तेव्हा आई त्या घरात एकटीच राहते, असे समोर आले. न्यायाधिकरणाने व्यवहार बनावट ठरवून सवलत नाकारली. आईला भाडे दिले म्हणून दावा फेटाळला गेला नाही. भाडे दिल्याचे आणि तेथे राहिल्याचे काहीच सिद्ध झाले नाही, म्हणून तो फेटाळला गेला.

घर कोणाचे?

खडकीत हा प्रश्न पहिल्या पायरीवरच अडतो. वडील कारखान्याच्या वसाहतीतील निवासस्थानात राहत असतील, तर ते त्या घराचे मालक नसतात. तेथे मुलाने 'भाडे' देणे हा भाड्याचा व्यवहारच होत नाही. मुलगा स्वतः केंद्र सरकारी नोकरीत असेल, तर घरभाडे भत्त्याचे नियम त्याहून पुढे जातात. आई-वडिलांना सरकारने किंवा सार्वजनिक उपक्रमाने दिलेल्या निवासस्थानात राहणाऱ्या कर्मचाऱ्याला मुळात भत्ताच मिळत नाही.

दुसरी अडचण जुन्या घरांची. छावणी हद्दीतील अनेक जुन्या मिळकतींत जमीन केंद्र सरकारची आणि वरची इमारत खासगी, अशी 'ओल्ड ग्रँट'ची व्यवस्था आहे. इमारत वडिलांच्या नावे असेल तर तिचे भाडे त्यांचे उत्पन्न ठरू शकते. पण आजोबा जाऊन वीस वर्षे झाली तरी नोंद त्यांच्याच नावे असेल आणि वारसांत मुलाचाही हिस्सा असेल, तर तो अंशतः स्वतःच्याच घरात राहतो. गृहकर्जाच्या सोयीसाठी सहमालक म्हणून मुलाचे नाव घातलेल्या सदनिकेतही हाच धोका आहे. म्हणून भाडे ठरवण्याआधी मालकीची नोंद आणि मिळकतकराचे बिल कोणाच्या नावे आहे, ते पाहणे आवश्यक ठरते. आई आणि वडील दोघे मालक असतील, तर भाडेही हिश्शाप्रमाणे दोघांच्या उत्पन्नात विभागले जाते.

मुलाचा हिशेब

उदाहरणादाखल खडकीतील एक दुमजली घर घेऊ. घर वडिलांच्या एकट्याच्या नावे आहे. खाली आई-वडील राहतात, वरचा मजला मुलाने दरमहा १८,००० रुपये भाड्याने घेतला आहे. मुलाचे वार्षिक वेतन १६ लाख रुपये असून त्यात मूळ वेतन ७,२०,००० आणि घरभाडे भत्ता २,८८,००० रुपये आहे. हिशेब २०२५-२६ या आर्थिक वर्षाचा, म्हणजे १९६१ च्या कायद्याप्रमाणे आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाला असून पुढील वर्षांसाठी कलमांचे क्रमांक, नियम आणि नमुने त्याप्रमाणे पाहावे लागतात.

सवलत तीन रकमांपैकी सर्वांत लहान रकमेइतकी मिळते. पहिली रक्कम प्रत्यक्ष मिळालेला भत्ता, म्हणजे २,८८,०००. दुसरी, दिलेल्या भाड्यातून वेतनाचे दहा टक्के वजा करून उरणारी. भाडे २,१६,०००, त्यातून ७२,००० गेले की १,४४,००० उरतात. तिसरी रक्कम वेतनाच्या ठरावीक टक्क्यांची. त्या वर्षासाठी पुणे चाळीस टक्क्यांच्या गटात असल्याने ती २,८८,००० होते. येथे वेतन म्हणजे मूळ वेतन आणि निवृत्तिलाभांसाठी धरला जाणारा महागाई भत्ता. एकूण पगार नव्हे. सर्वांत लहान रक्कम १,४४,००० असल्याने तेवढाच भत्ता करमुक्त होतो. दिलेले सगळे भाडे वजा होते, हा समज चुकीचा आहे.

आता खरा प्रश्न. ही सवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते आणि २०२३-२४ पासून नवी प्रणाली हीच मूळ प्रणाली मानली जाते. या मुलाने जुनी प्रणाली निवडली, तर ५०,००० रुपयांची प्रमाणित वजावट, कलम ८० सी खाली १,५०,०००, स्वतःच्या आणि आई-वडिलांच्या आरोग्य विम्याचे ७५,००० आणि घरभाड्याचे १,४४,००० वजा होऊन करपात्र उत्पन्न ११,८१,००० राहते. त्यावर उपकरासह कर १,७३,४७२ रुपये होतो. नव्या प्रणालीत केवळ ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळून उत्पन्न १५,२५,००० राहते, पण कर मात्र १,१३,१०० रुपयेच होतो.

म्हणजे घरभाड्याची सवलत घेऊनही हा मुलगा जुन्या प्रणालीत साठ हजार रुपये जादा भरतो. जुनी प्रणाली त्याला परवडण्यासाठी आणखी सुमारे दोन लाख रुपयांच्या वजावटी हव्यात. गृहकर्जावरील व्याजासारखी मोठी वजावट असणाऱ्यालाच हे जमते. जुन्या सवयीने मार्चमध्ये पावत्या गोळा करणाऱ्या अनेकांनी हा हिशेब आधी करायला हवा. शिवाय नोकरदाराला जुनी प्रणाली निवडायची असेल, तर विवरणपत्र मुदतीत भरावे लागते. मुदत हुकली की जुन्या प्रणालीचा पर्याय जातो आणि त्याबरोबर ही सवलतही.

वडिलांचा हिशेब

व्यवहाराची दुसरी बाजू सर्वाधिक दुर्लक्षित आहे. मुलाने दिलेले भाडे हे वडिलांचे 'घर मिळकतीपासूनचे उत्पन्न' असते. वर्षाच्या २,१६,००० रुपयांतून त्यांनी स्वतः त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर वजा होतो. तो छावणी मंडळाला भरलेला असो वा महापालिकेला, दोन्ही स्थानिक संस्थाच आहेत. मात्र घराचा खालचा मजला वडिलांच्या स्वतःच्या वापरात असल्याने भाड्याने दिलेल्या भागापुरताच कर वजा करता येतो. पूर्ण घराचे बिल १२,००० आणि वरचा मजला निम्मा असेल, तर वजावट ६,००० रुपयांची. उरलेल्या २,१०,००० रुपयांतून तीस टक्के, म्हणजे ६३,००० रुपये सरसकट वजा होतात. दुरुस्तीवर खर्च झाला की नाही, हे त्यासाठी विचारले जात नाही. पण प्रत्यक्ष खर्च जास्त झाला तरी अधिक वजावट मिळत नाही. करपात्र भाडे १,४७,००० रुपये ठरते.

वडिलांचे निवृत्तिवेतन वर्षाला ४,२०,००० रुपये आहे, असे धरू. नव्या प्रणालीत त्यातून ७५,००० वजा होऊन ३,४५,००० राहतात. भाडे मिळवले की एकूण उत्पन्न ४,९२,००० होते. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला मिळणाऱ्या करसवलतीमुळे त्यांना एक रुपयाही कर भरावा लागत नाही. तरीही उत्पन्न चार लाखांच्या मूळ मर्यादेपलीकडे गेल्याने विवरणपत्र भरणे बंधनकारक होते. भाड्याआधी ही सक्ती नव्हती. 'कर नाही, मग विवरणपत्र कशाला' हा विचार येथेच महागात पडतो.

कारण खात्याला दोन्ही बाजू दिसतात. वर्षाचे भाडे एक लाख रुपयांपेक्षा जास्त असेल, तर मुलाला कार्यालयात घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. त्या पॅनवर भाड्याचे उत्पन्न दिसले नाही, की विसंगती उघड होते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने घरभाडे भत्त्याची जुनी प्रकरणे उकरून काढण्याची खास मोहीम नसल्याचे स्पष्ट केले होते. पण त्याच निवेदनात २०२०-२१ च्या काही मोठ्या रकमांच्या प्रकरणांत भाडे देणारा आणि घेणारा यांच्या माहितीत तफावत आढळल्याचेही म्हटले होते.

व्यवहार खरा दिसण्यासाठी नव्हे, खरा असण्यासाठी

भाडे दरमहा मुलाच्या खात्यातून वडिलांच्या खात्यात गेले पाहिजे. मार्चमध्ये एकदम वर्षाची रक्कम पाठवणे संशयाला निमंत्रण देते. त्याहून मोठी चूक म्हणजे तीच रक्कम चार दिवसांनी मुलाच्या खात्यात परत येणे. वडिलांनी मुलाला दिलेली भेट करमुक्त असते. पण दर महिन्याला भाड्याइतकीच भेट येत असेल, तर भाडे दिलेच गेले नाही असा निष्कर्ष निघतो. तो पैसा वडिलांच्या औषधपाण्याला, घरखर्चाला किंवा ठेवीत गेलेला दिसायला हवा.

महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा, असे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ५५ सांगते. घरच्या घरात करार कसला, हा संकोच स्वाभाविक असला तरी कोणता भाग, किती भाड्याने आणि केव्हापासून दिला, हे करारच सांगतो. भाडे आसपासच्या दराशी जुळणारे असावे. दरमहा भाडे ५०,००० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर मुलाला दोन टक्के करकपातही करावी लागते.

खोटा दावा उत्पन्नाची चुकीची माहिती ठरला, तर बुडालेल्या कराच्या दुप्पट दंड आणि वर व्याज, अशी कायद्यात तरतूद आहे. त्या नोटिशीला उत्तर एकट्या मुलाला द्यावे लागत नाही. पावतीवर सही वडिलांची असते आणि खुलासा त्यांच्याकडेही मागितला जातो. कागदी पावतीवर सही घेण्यापूर्वी मुलाने विचार करावा तो याचा.