उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक चुकला तर? चूक एका मिनिटाची, शिक्षा किती मोठी असावी?

परीक्षेचे दिवस आले की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो. "गुरुजी, पोराने नंबर चुकवला तर पेपर बाद होतो का हो?" आपण बहुतेक वेळा "नीट लिहायला सांगा" एवढंच म्हणून मोकळे होतो. पण क्रमांक चुकल्यावर नेमकं काय होतं, ती चूक कशी सापडते आणि कशी दुरुस्त होते, हे आपल्यातल्याही अनेकांना पूर्ण माहीत नसतं. म्हणून आज त्याबद्दल थोडं सविस्तर आणि शेवटी माझं स्पष्ट मत.

चूक होते कशी?

मुलं क्रमांक सहसा मनाने लिहीत नाहीत. ती एक तर प्रवेशपत्रावरून उतरवतात किंवा कुणीतरी सांगितलेला ऐकून लिहितात. ऐकून लिहिताना आपली मराठी थोडी अवघड जाते. 'सतरा' म्हणताना सात आधी ऐकू येतो आणि दहा नंतर. लिहायचा मात्र आधी एक, मग सात. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस तीन' असं संख्यावाचन आलं तेव्हा किती वाद झाला, आठवतं ना? त्या वादाच्या मुळाशी हीच अडचण होती. पर्यवेक्षक घाईत "शेवटी सतरा लिही" म्हणतात आणि दहा वर्षांचं लेकरू ७१ लिहून मोकळं होतं.

ओएमआर पत्रिकेत चुकीची दुसरीही एक जागा असते. वरच्या चौकटीत आकडे बरोबर लिहिलेले असतात, पण खालची वर्तुळं रंगवताना एखादा स्तंभ चुकतो. वाचणाऱ्याला चौकट दिसते, यंत्राला फक्त वर्तुळं दिसतात.

दहावीची उत्तरपत्रिका आणि ओएमआर यांत फरक काय?

दहावी-बारावीच्या बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत विद्यार्थ्याची ओळख एकट्या हाताने लिहिलेल्या क्रमांकावर अवलंबून नसते. मुख्य उत्तरपत्रिकेवर बारकोडचं स्टिकर लागतं. परीक्षकाला क्रमांक दिसू नये म्हणून त्या भागावर होलोक्राफ्ट स्टिकर लावतात. शिवाय विद्यार्थ्याची सही आणि पर्यवेक्षकाची सही असते. त्यामुळे आकडा चुकला तरी शोधायला दुसरे धागे असतात. वर्गातच लक्षात आलं तर चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, बरोबर आकडा लिहायचा आणि पर्यवेक्षकांची सही घ्यायची. विषय तिथेच संपतो.

जिथे मुलाला क्रमांक स्वतः रंगवायचा असतो, त्या ओएमआर पत्रिकेचं तसं नाही. बॉलपेनने रंगवलेलं वर्तुळ पुसता येत नाही, व्हाइटनर चालत नाही आणि एकाच स्तंभात दोन वर्तुळं रंगवली तर यंत्राला आकडाच कळत नाही.

एक उदाहरण घेऊन बघू

समजा, पाचवीच्या एका मुलीचा बैठक क्रमांक १२०४३१७ आहे. तिने लिहिला आणि रंगवला १२०४३७१. एका दालनात २४ मुलं बसली आहेत असं धरू. पहिल्या दालनात ३०१ ते ३२४, दुसऱ्यात ३२५ ते ३४८ आणि तिसऱ्यात ३४९ ते ३७२. म्हणजे तिने लिहिलेला क्रमांक त्याच केंद्रातल्या तिसऱ्या दालनातल्या एका मुलाचा निघाला. आता पुढे तीन गोष्टींपैकी एक होते.

पहिली शक्यता, तो मुलगा हजर होता. मग यंत्राला ३७१ च्या दोन पत्रिका मिळतात आणि ३१७ ची एकही मिळत नाही. अशी यादी संगणक लगेच वेगळी काढतो. त्यातली एक पत्रिका पहिल्या दालनाच्या पाकिटातून आलेली असते. पहिल्या दालनाचं स्वाक्षरीपत्रक उघडायचं. तिथे प्रत्येक मुलाच्या सहीसमोर त्याच्या उत्तरपत्रिकेचा छापील अनुक्रमांक लिहिलेला असेल, तर ३१७ समोर हाच अनुक्रमांक सापडतो आणि प्रकरण मिटतं. तो लिहिलेला नसेल तर वजाबाकी करावी लागते. हजर २४, पत्रिका २४, त्यातल्या २३ जुळल्या, म्हणजे उरलेली पत्रिका उरलेल्या मुलीची. जोडीला सही आणि अक्षर ताडून बघतात. हे होईपर्यंत निकाल 'राखीव' राहू शकतो.

दुसरी शक्यता, असा क्रमांक कुणालाच दिलेला नव्हता. ही सगळ्यात सोपी. पत्रिका जुळत नाही म्हणून बाजूला पडते आणि वरच्याच पद्धतीने मालक सापडतो.

तिसरी शक्यता सगळ्यात वाईट. ३७१ चा मुलगा त्या दिवशी आलाच नव्हता. आता दोन पत्रिका नाहीत, न जुळणारी पत्रिकाही नाही. यंत्राच्या दृष्टीने सगळं सुरळीत आहे. न आलेल्या मुलाच्या नावावर गुण चढतात आणि दीड तास मान खाली घालून पेपर सोडवलेली मुलगी निकालात 'अनुपस्थित' दिसते. पर्यवेक्षकांनी दिलेली गैरहजरांची यादी निकालाशी ताडून पाहिली तरच हे पकडलं जातं. नाहीतर निकालाच्या दिवशी पालक शाळेत येतात तेव्हाच कळतं.

शिष्यवृत्तीसारख्या दोन पेपरांच्या परीक्षेत एक खूण लक्षात ठेवा. एकाच दिवशी मूल पहिल्या पेपरला हजर आणि दुसऱ्याला अनुपस्थित दिसत असेल, आणि ते दोन्ही पेपरांना बसलं होतं हे आपल्याला ठाऊक असेल, तर आधी क्रमांकाचाच संशय घ्या.

मग परीक्षा घेणारे इतके कडक का?

संघ लोकसेवा आयोग पूर्वपरीक्षेच्या सूचनांत स्पष्ट सांगतो की ओएमआरवर अनुक्रमांक किंवा प्रश्नपुस्तिकेची मालिका भरताना चूक झाली तर उत्तरपत्रिका बाद होऊ शकते. ऑगस्ट २०१९ मध्ये तामिळनाडूतल्या दिवाणी न्यायाधीश पदाच्या परीक्षेचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. उमेदवाराने उत्तरपत्रिकेत पेन्सिलने अधोरेखन केलं होतं. उच्च न्यायालयाने दिलासा दिला होता, पण सर्वोच्च न्यायालयाने सूचना बंधनकारकच आहेत असं म्हणून तो रद्द केला. तिथे मुद्दा क्रमांकाचा नव्हता, पण परीक्षेच्या सूचनांकडे न्यायालय किती काटेकोरपणे बघतं हे त्यातून कळतं.

या कडकपणामागे खरं कारण आहे. पेपर झाल्यानंतर "ती पत्रिका माझी" एवढ्या शब्दावर दुरुस्ती करायला लागलो तर उद्या कुणीही चांगल्या गुणांच्या पत्रिकेवर हक्क सांगेल. म्हणून दुरुस्ती करायची ती परीक्षेच्या वेळीच तयार झालेल्या कागदांवरून. स्वाक्षरीपत्रक, पत्रिकेचा अनुक्रमांक, गैरहजरांची यादी, पर्यवेक्षकाचा अहवाल. नंतरचे अर्ज आणि शपथा फक्त ते कागद उघडायला लावतात, पुरावा कागदच असतो.

माझं मत

नोकरीच्या परीक्षेला बसणारा पंचविशीतला उमेदवार आणि आयुष्यात पहिल्यांदा ओएमआर पाहणारं दहा वर्षांचं मूल यांना एकच नियम लावू नये. मुलांच्या परीक्षेत क्रमांक चुकला म्हणून पत्रिका बाद करणं मला चुकीचं वाटतं. त्या पत्रिकेवर पर्यवेक्षकाचीही सही असते. ती सही "मी क्रमांक तपासला" असं सांगते. मोठ्या माणसाने तपासून सही केल्यावरही चूक राहिली, तर तिची सगळी किंमत लेकराने का मोजायची?

कुणी म्हणेल, लाखो पत्रिकांमध्ये एकेक प्रकरण कोण बघणार? पण वर पाहिलं तसं, न जुळणाऱ्या आणि दुहेरी पत्रिका संगणक आपणच वेगळ्या काढतो. राहिली तिसरी शक्यता. त्यासाठी निकाल जाहीर करण्याआधी एकच मिलान हवं: गैरहजरांच्या यादीतल्या कुणाला गुण मिळालेत का, आणि हजर असलेला कुणी अनुपस्थित दिसतोय का. हे काम मोठं नाही. आणि लहान मुलांसाठी तर क्रमांक आधीच छापलेल्या पत्रिका द्याव्यात. मुलाला गणित येतं का हे तपासायचंय, वर्तुळं रंगवता येतात का हे नाही.

या उपायालाही मर्यादा आहे, ती मान्य केली पाहिजे. एकाच दालनातल्या दोन मुलांनी क्रमांक चुकवले आणि स्वाक्षरीपत्रकावर पत्रिकांचे अनुक्रमांकही नसतील, तर वजाबाकी उपयोगी पडत नाही. मग सही आणि अक्षरावरच विसंबावं लागतं, आणि तिथे शंभर टक्के खात्री कुणीच देऊ शकत नाही. म्हणूनच तो अनुक्रमांकाचा रकाना रिकामा सोडणं ही किरकोळ गोष्ट नाही.

आपल्या हातात काय आहे?

पर्यवेक्षक म्हणून असाल तर क्रमांक एकेक आकडा सुटा वाचा: "तीन, एक, सात". 'सतरा' म्हणू नका. सही करण्याआधी प्रवेशपत्र, चौकट आणि वर्तुळं या तिन्हींवर बोट ठेवून बघा. चूक दिसली तर मुलाला खाडाखोड करू देऊ नका. केंद्रसंचालकांना कळवा आणि बरोबर क्रमांक, चुकीचा क्रमांक व पत्रिकेचा अनुक्रमांक अहवालात लिहा. त्या मुलाचा निकाल पुढे याच तीन आकड्यांवर सुटणार असतो.

पालकांनो, मूल घरी येऊन "माझा नंबर चुकला" म्हणालं तर रागावू नका, निकालाची वाटही बघू नका. त्याच दिवशी मुख्याध्यापकांमार्फत केंद्रसंचालकांना लेखी कळवा आणि पोच घ्या. निकालात मूल अनुपस्थित दिसलं तर हरकतीची मुदत संपायच्या आत शाळेमार्फत अर्ज करा आणि अर्जात "पुन्हा तपासा" एवढंच न लिहिता "स्वाक्षरीपत्रकाशी पडताळणी करावी" असं स्पष्ट लिहा. मुदत गेली की खरी असलेली तक्रारही कुणी ऐकून घेईलच असं नाही.