टपालपेटी एक, उत्तरे देणारे तिघे

नव्या दुकानदारांना ई-मेल पाठवून माल खपविण्याची पद्धत आता आपल्या लहान कारखानदारांतही रुळली आहे. पत्ता कारखान्याचा एकच असतो आणि तो भाऊ, पुतण्या व मुनीम असे तिघे उघडतात. आमच्या मते अडचण पत्र पाठविण्यात नाही. आलेल्या उत्तराला कोणी हात लावायचा, हे ठरलेले नसते तिथे आहे.

समजा, पिशव्या करणाऱ्या एका कारखान्याने ६० दुकानांना पत्रे धाडली. एकाने ५० नगांचा भाव विचारला. थोरल्या भावाने गाडीभाडे धरून नगाला ३४० रुपये कळविले. तासाभराने पुतण्याने भाडे वगळून ३१० कळविले. हिशेब दोघांचाही बरोबर, पण दुकानदार ३१० धरून बसला आणि भाडेही तुम्हीच द्या म्हणाला. १५०० रुपयांचा वाद उभा राहिला. याच्या उलटही घडते. एकाने पत्र नुसते उघडले की त्याची ठळक अक्षरे सर्वांसाठीच साधी होतात. दुसऱ्याला वाटते, उत्तर गेले असेल.

म्हणून पहिला नियम असा की उत्तर लिहिण्याआधी त्या पत्राला आपल्या नावाचे लेबल लावावे. लेबल दिसले की इतरांनी हात आखडता घ्यावा. उत्तर देणे जमणार नसेल तर पत्र पुन्हा 'न वाचलेले' करून ठेवावे. भाव, भाडे व उधारीची मुदत यांचा मजकूर एकच ठरवावा. सूट देण्याचा अधिकार मात्र एकाकडेच असावा.

दुसरा नियम नव्या पत्राचा. दुकानाचा स्वतःचा डोमेन असेल, तर जीमेलमध्ये आधी असा शोध घ्यावा, example.com च्या जागी त्या दुकानाचा डोमेन लिहावा:

```
from:example.com OR to:example.com
```

यामुळे त्याच दुकानातील दुसऱ्या माणसाशी झालेला पत्रव्यवहारही सापडतो. पण बरेच दुकानदार साधा जीमेलचा पत्ता वापरतात. तेथे हा शोध निरुपयोगी ठरतो. त्यासाठी सर्वांची मिळून एक वही ठेवावी व तीत दुकानाचे नाव, मोबाईल क्रमांक, कोणाकडे आहे, शेवटची तारीख आणि निकाल लिहावा. व्हॉट्सॲपवरचे बोलणेही तीतच नोंदवावे. उत्तर आले की त्या दुकानाला आठवणीचे पत्र पाठविणे त्याच दिवशी बंद करावे.

'माल नको' म्हणणाऱ्याचे नाव काही जण वहीतून खोडतात. आमच्या मते हे चूक आहे. नाव खोडले की महिन्याभराने मुनीम त्याला नवे गिऱ्हाईक समजून पुन्हा लिहितो. नाव राहू द्यावे व पुढे 'लिहू नये' अशी नोंद करावी.

आठवड्यातून एकदा `in:inbox has:nouserlabels` असा शोध घ्यावा. ज्या पत्रांना कोणी वाली नाही, ती समोर येतील. ती त्याच बैठकीत वाटून घ्यावीत.