एकूण रकमेवरून कर काढताना

पुरुषोत्तमनगरच्या शिवारात उसाला पाणी न्यायचे तर पीव्हीसी पाइप लागतोच. दुकानदार भाव सांगतो तो बहुधा करासह. समजा, एकूण झाले ११,८०० रुपये आणि जीएसटी १८ टक्के. मग मूळ किंमत किती?

पुष्कळ जण ११,८०० चेच १८ टक्के काढतात. ते येतात २,१२४ आणि वजा जाता मूळ किंमत ९,६७६ लिहिली जाते. गफलत इथेच आहे. कर बसतो मूळ किमतीवर, एकूण रकमेवर नव्हे. शंभराच्या मालाचे करासह ११८ होतात. म्हणून एकूण रकमेला ११८ ने भागा, १०० ने गुणा. मूळ किंमत १०,०००, कर १,८००. म्हणजे चुकीच्या बिलात कर ३२४ रुपयांनी फुगला!

पडताळा सोपा आहे. लिहिलेल्या मूळ किमतीवर पुन्हा १८ टक्के काढून पाहा. ९,६७६ वर १,७४१ रुपये ६८ पैसेच येतात, २,१२४ नाही. पैशांचा फरक चालेल, रुपयांचा नव्हे. खतावर कर ५ टक्के, तिथे १०५ ने भागावे.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही बिल मंजूर करण्याआधी हे पाहावे. मोठ्या खरेदीत जीएसटीचा टीडीएस कर वगळून उरलेल्या रकमेवर कापतात. मूळ किंमत चुकली की कपातही चुकलीच.