धुराची वाट आधी, चिमणी नंतर

नायगाव पूर्वेच्या नव्या इमारतींत गृहप्रवेश जवळ आला की ओट्यावरील चिमणीचा विषय निघतोच. बहुधा यंत्र आधी विकत घेतले जाते आणि पाइप कोठून न्यायचा हे कारागीर दारात आल्यावर ठरते. वास्तविक क्रम उलटा असावा. धूर बाहेर जाणे हे मोटारीइतकेच पाइपाच्या मार्गावर अवलंबून असते.

उदाहरणादाखल असे स्वयंपाकघर घ्यावे, जेथे ओटा चौतीस इंच उंच आहे आणि शेगडीपासून बाहेरची भिंत चार फुटांवर आहे. शेगडीच्या वर सुमारे अठ्ठावीस इंच अंतर सोडून चिमणी येते. नेमके अंतर यंत्राच्या पुस्तिकेत पाहावे. पाइप तिच्या माथ्यावरून सरळ वर जावा, एकदाच वळावा आणि भिंतीबाहेर पडावा. प्रत्येक वळणाने ओढ कमी होते. सहा इंची तोंडाला चार इंची पाइप जोडल्यास आवाज वाढतो, धूर मात्र घरातच राहतो. घडीचा ॲल्युमिनियम पाइप पूर्ण ताणून, आधार देऊन बसवावा. बाहेरचे टोक इंचभर खाली ठेवावे, म्हणजे पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणाऱ्या सरींचे पाणी आत वाहत नाही. टोकाला झडपेची टोपी असावी. तिने पारवे आत शिरत नाहीत. बारीक जाळी टाळावी, कारण तेलाचा थर बसून ती बुजते. भोक पाडण्यापूर्वी सोसायटीची परवानगी घ्यावी आणि खांब वा तुळई वगळावी.

मार्ग ठरला की विजेची जागा आपोआप ठरते. चिमणीला सहा अँपिअरचे तीन पिनांचे स्वतंत्र सॉकेट बहुधा पुरते. ते जमिनीपासून सुमारे साडेसात फुटांवर, पाइपाच्या बाजूला वीतभर अंतर सोडून असावे. अगदी पाइपामागे नेल्यास पुढे प्लग काढता येत नाही. स्विच मात्र हाताच्या उंचीवर, शेगडी आणि मोरी यांपासून दूर ठेवावा. भिंतीतून दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर अर्थिंगसह न्यावी. खाच उभी किंवा आडवीच असावी, तिरकी नव्हे. म्हणजे पुढे खिळा ठोकताना वायर कोठे आहे हे कळते. प्लास्टरपूर्वी तिचे छायाचित्र काढून ठेवावे. मिक्सरच्या बोर्डावरून लोंबणारी जोडवायर कधीही नको.

काम संपल्यावर समोरची खिडकी थोडी उघडून चिमणी चालू करावी आणि जाळीखाली पातळ कागद धरावा. तो चिकटला व बाहेरची झडप उघडली, तर मार्ग मोकळा आहे. कागद खाली पडला, तर पाइप दबला आहे किंवा झडप अडकली आहे. काही महिन्यांनी सांध्यातून तेल ठिबकू लागले, तर पाइपाला मध्ये झोळ पडला आहे, हे ओळखावे. तेथे डिंक वा चिकटपट्टी लावण्याऐवजी पाइप पुन्हा ताणून घ्यावा.