मोकळेपणाचा रंग कोणता?

लहान मुलांचे कपडे काढणाऱ्या एका कंपनीने नव्या मालाचे रंग ठरवले आणि मत द्यायला मला बोलावले. कपडे दोन ते सहा वर्षांच्या मुलांचे. हेतू कागदावर लिहिलेला : 'मोकळे, धीट, मातीत खेळणारे बालपण'. मुलग्यांसाठी गडद निळा, गेरू, शेवाळी, हळदी. मुलींसाठी फिका गुलाबी, फिका जांभळा, मोतिया, अबोली. बालपण एकच, मग रंगांचे गट दोन कशाला? उत्तर आले, "मुलींचं असंच खपतं, ताई."

खपण्याचे राहू द्या. लिहिलेल्या हेतूला हे रंग साजतात का, एवढेच बघू. ते तपासता येते, आवडीनिवडीवर सोडावे लागत नाही. कापडाचे आठही तुकडे दिवसाउजेडी शेजारी ठेवून मी फोटो काढला आणि तो काळा-पांढरा केला. मुलग्यांच्या तुकड्यांत फिक्या राखाडीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत पायऱ्या दिसल्या. मुलींचे चारही तुकडे एकाच फिक्या राखाडीत विरघळून गेले. रंगसंगतीचा भाव नुसत्या लाल-निळ्यावर ठरत नाही. रंग किती गडद, किती तेज आणि शेजारच्यापासून किती वेगळा, यावर तो फार अवलंबून असतो. सगळेच फिके आणि एकमेकांजवळचे असले की डोळ्याला शांत, पेंगुळलेले वाटते. तान्ह्याच्या दुपट्याला ते शोभेल. धिटाईला कसे शोभेल?

शिवाय मातीचे काय? मोतिया फ्रॉकवरचा लाल मातीचा डाग दुरून दिसतो, गेरू रंगावर तो शोधावा लागतो. म्हणजे "खाली बसू नकोस, कपडे मळतील" हे कोणी ऐकायचे ते रंग निवडतानाच ठरले. आणि तो डाग घासत कोण बसणार, हे मैत्रिणींनो, तुम्हाला सांगायला नको.

माझे गुलाबीशी भांडण नाही. अमेरिकेतल्या 'अर्नशॉज' या कपड्यांच्या व्यापारी मासिकाने १९१८ साली गुलाबी मुलग्यांसाठी आणि निळा मुलींसाठी सुचवला होता, कारण गुलाबी जोरकस समजला जात होता! तेव्हा मी सुचवले ते एवढेच : फिक्या गुलाबीऐवजी राणी रंग घ्या, फिक्या जांभळ्याऐवजी पिकल्या जांभळाचा. हळदी घ्या, मोतिया फक्त गळपट्टीला ठेवा. पुन्हा काळा-पांढरा फोटो काढला, आता पायऱ्या दिसल्या. एक अडचण मात्र खरी आहे. असे गडद रंग सुती कापडावर कच्चे बसले तर धुण्यात सुटतात. म्हणून पांढरे ओले फडके तुकड्यावर घासून पाहायचे, फडक्याला रंग लागला तर ते कापड परत करायचे.

कंपनीने राणी रंग घेतला, पण मुलींच्याच गटात. मुलग्यांना तो चालणार नाही म्हणतात. दोन्ही गट मोडून एकच करा, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.