संविधान तक्ता जुळला, पण प्रकरण सुटले




दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या प्रश्नपत्रिकेसोबत संविधान तक्ता जोडावा लागतो. आडव्या ओळींत प्रकरणे, उभ्या रकान्यांत प्रश्नप्रकार आणि काठिण्यपातळी, शेवटी बेरजा. बेरजा जुळल्या की मुख्याध्यापकांची सही होते आणि तक्ता फाइलला लागतो. माझे म्हणणे एवढेच आहे की हा तक्ता छापलेल्या प्रश्नांचे गुण मोजतो, मुलाला सोडवाव्या लागणाऱ्या प्रश्नांचे मोजत नाही.

गणित भाग १, म्हणजे बीजगणिताची पत्रिका घ्या. ती ४० गुणांची, पण विकल्प धरून छापले जातात ६० गुणांचे प्रश्न. प्रश्न १ मधले ८ गुण सक्तीचे. त्यानंतर प्रत्येक ठिकाणी 'कोणतेही' आहे: २ (अ) मध्ये तीनपैकी दोन, २ (ब) मध्ये पाचपैकी चार, ३ (अ) मध्ये दोनपैकी एक, ३ (ब) मध्ये चारपैकी दोन, प्रश्न ४ मध्ये तीनपैकी दोन, प्रश्न ५ मध्ये दोनपैकी एक. तक्ता भरला जातो तो ६० गुणांचा.

समजा, वर्गसमीकरणांना या ६० पैकी १२ गुणांचा भार दिला आहे. पत्रिका काढणाऱ्याने ते असे वाटले: प्रश्न १ मध्ये १ गुण, २ (अ) मध्ये २, २ (ब) मध्ये २, ३ (ब) मध्ये ३ आणि प्रश्न ४ मध्ये ४. बेरीज १२, तक्ता निर्दोष. आता वर्गसमीकरणाचे पानही न उघडलेला मुलगा ही पत्रिका सोडवायला बसतो. प्रश्न २ पासून पुढे प्रत्येक ठिकाणी या प्रकरणाचा एकच प्रश्न आहे आणि तिथे एक प्रश्न सोडायची मुभा आहेच. त्याचा तोटा होतो फक्त प्रश्न १ मधल्या एका गुणाचा. बाकीचे सगळे आले तर त्याला ४० पैकी ३९ पडतात. पुढच्या वर्षी अकरावी विज्ञानाच्या वर्गात मात्र त्याची अडचण होते.

तेच १२ गुण वेगळे मांडून पाहा. प्रश्न १ मध्ये १, ३ (ब) मध्ये ३ आणि प्रश्न ४ मधल्या तीन उदाहरणांपैकी दोन वर्गसमीकरणांची, म्हणजे ८. बेरीज पुन्हा १२. पण आता प्रश्न ४ मध्ये प्रकरण टाळणाऱ्याच्या हाती एकच उदाहरण उरते, म्हणून तिथले ४ गुण जातात. प्रश्न १ मधला एक धरून तोटा ५ गुणांचा. तक्त्यातली बेरीज तीच राहिली, पण पहिल्या मांडणीत जे प्रकरण जवळजवळ फुकटात सुटत होते ते दुसरीत सुटत नाही.

काठिण्यपातळीचीही तीच गत. ६० पैकी १२ गुण कठीण ठेवले की तक्त्यात २० टक्के दिसतात. पण त्यातले दोन प्रश्न ३ (ब) मध्ये, एक प्रश्न ४ मध्ये आणि एक २ (ब) मध्ये टाकला, तर मुलगा चारही सोडून देऊ शकतो. सोडवलेल्या ४० गुणांत कठीण काहीच उरत नाही.

विकल्प म्हणजे कच्च्या मुलांचा आधार, तो काढू नका, असे काही सहकारी म्हणतात. मीही काढा म्हणत नाही. ३ (अ) मधल्या दोन्ही कृती एकाच प्रकरणातल्या आणि सारख्या काठिण्याच्या ठेवल्या, तरी मुलाला निवड मिळतेच. एक कृती अडली तर तो दुसरी करतो. त्याला प्रश्न निवडता येतो, आख्खे प्रकरण टाकता येत नाही. अडचण एवढीच की अशा जागा मोजक्या आहेत. प्रश्न ४ मध्ये एकाच प्रकरणाची दोन उदाहरणे बसतात, सगळ्या मोठ्या प्रकरणांना तिथे जागा नाही. म्हणून एका प्रकरणाला प्रश्न ४, दुसऱ्याला ३ (अ), तिसऱ्याला प्रश्न ५ अशी वाटणी करावी आणि ती दर पत्रिकेत फिरवावी. नाहीतर मुले दोन-तीन पत्रिकांत जागा ओळखतात.

म्हणून मागणी एका रकान्याची आहे. संविधान तक्त्यात प्रत्येक प्रकरणासमोर 'हे प्रकरण पूर्ण सोडल्यास बुडणारे गुण' लिहावेत, आणि मोठ्या प्रकरणासमोर तिथे १ किंवा ० आला तर पत्रिका पुन्हा मांडायला परत द्यावी. तालुका गणित शिक्षक संघांनी सामाईक पूर्वपरीक्षेची पत्रिका काढतानाच हे सुरू करावे. सहा प्रकरणांसाठी सहाच आकडे काढायचे आहेत आणि त्याला मंडळाच्या आदेशाची गरज नाही.

आपला,
एक माध्यमिक गणित शिक्षक